मदत हवी आहे: कोटेशन गेलं की ७५ टक्के?

आम्ही कारखान्यांना एअर कॉम्प्रेसर विकतो. सेल्सफोर्समध्ये Proposal/Price Quote या स्टेजची मूळ ७५ टक्के प्रोबॅबिलिटी आम्ही तशीच ठेवली आहे. त्यामुळे ४० लाखांची कोटेशन्स बाहेर असली की फोरकास्ट ३० लाख दाखवतो. गेल्या वर्षी या स्टेजला आलेल्या आणि निकाल लागलेल्या ६० डील्सपैकी १८ जिंकल्या, म्हणजे ३० टक्के. त्या हिशेबाने १२ लाखच धरायला हवेत.

पण नुसता आकडा बदलून भागेल का? कोटेशन मेल केलं की आमची मंडळी स्टेज पुढे ढकलतात, मग गिऱ्हाईकाचं बजेट मंजूर असो वा नसो. बजेट मंजुरी ही स्टेजची अट करावी, की वेगळी स्टेज काढावी? आणि ४० पैकी २५ लाख एकाच डीलचे असतील, तर ती सरासरीतून वगळून वेगळी धरता का?