व्हर्लपूल आणि वॉशिंग मशीनवरचं शुल्क

> आयातशुल्क लावलं की देशी कंपनीचा फायदाच होणार ना?

होतो, पण किती काळ आणि कोणाच्या खिशातून, ते बघा. अमेरिकेत तिथल्याच व्हर्लपूल कंपनीच्या अर्जावरून फेब्रुवारी 2018 मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क आलं. वर्षातल्या पहिल्या 12 लाख मशीनवर 20 टक्के आणि त्यापुढच्या मशीनवर 50 टक्के, म्हणजे शुल्कातच कोटा बसवलेला. मशीन साधारण 12 टक्क्यांनी महागलं.

गंमत कपडे वाळवायच्या ड्रायरची. त्यावर शुल्क नव्हतंच, तरी तोही जवळपास तेवढाच महागला! तिकडे ही जोडी बहुतेकदा एकत्र विकत घेतात, त्यामुळे वाढ दोन्हींवर वाटता आली. देशी ब्रँडनीही भाव वाढवून घेतले, स्पर्धाच सैल झाली होती.

व्हर्लपूलचा आनंद मात्र फार टिकला नाही. मार्चमध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क लागलं आणि मशीनचा पत्राच महागला. शिवाय शुल्क येण्याआधीच, 2017 मध्ये, सॅमसंगने साउथ कॅरोलिनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने जाहीर केले होते. तिथे बनलेल्या मशीनवर कसलं आयातशुल्क? रोजगार वाढले खरे, पण ते आणले मुख्यतः याच दोन कोरियन कंपन्यांनी.