अनुभव धागा: दाबोळीचे तिकीट मोपाला गेले, तर फोन कोणाला करायचा?

फोंडेकरीण
चवथीला घरी येणाऱ्यांची तिकिटे आता निघू लागलीत. ॲपवर दोन-तीनशे रुपये स्वस्त दिसते म्हणून बहुतेकजण एजन्सीकडूनच काढतात. नंतर वेळ बदलते, नाहीतर विमानच दाबोळीऐवजी मोपाला उतरणार असे कळते, आणि विमान कंपनी व एजन्सी एकमेकांकडे बोट दाखवतात. तिकीट कुठे स्वस्त मिळते ते इथे नको. बेत बदलला किंवा त्यांनीच बदलला, तर नेमके काय करावे लागते तेवढे लिहा.

काउंटरपलीकडचा
पहिली गोष्ट संपर्काची. एजन्सीच्या तिकिटावर दोन नंबर असतात. वर ठळक छापलेला लांबलचक बुकिंग आयडी एजन्सीचा. खाली बारीक अक्षरात सहा अक्षरांचा पीएनआर असतो, तो विमान कंपनीचा. तिकीट हातात आले की त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा आणि संपर्काची जागा बघा. पुष्कळदा तिथे मोबाइलचे शेवटचे चार आकडे तुमचे नसतात, ईमेलही एजन्सीचाच असतो. म्हणजे वेळ बदलल्याचा निरोप एजन्सीच्या पेटीत पडतो आणि तिने पुढे पाठवला तरच तुम्हाला कळतो.

तो संपर्क तिथेच बदलून घ्या. साइट बदलू देत नसेल तर कंपनीच्या कॉल सेंटरला सांगा. हे नुसते सोयीसाठी नाही. विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईबद्दल विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमातच लिहिले आहे की बुकिंग करताना पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई देय नाही. म्हणून ॲपवर तिकीट काढतानाही प्रवाशाचाच नंबर घाला.

म्हापशाचो बाब
एवढा त्रास कशाला? एजन्सीचे तिकीट असले की कंपनी हातच लावत नाही. सगळे एजन्सीकडूनच करून घ्यावे लागते.

काउंटरपलीकडचा
बाब, अर्धे बरोबर. स्वतःहून तारीख बदलायची किंवा रद्द करायचे असेल तर कंपनी बहुधा एजन्सीकडेच पाठवते. पण वेब चेक-इन, सीट, सामान हे पीएनआरवर थेट होते. वेळ किंवा विमानतळ कंपनीनेच बदलला असेल तर दुसरे विमान निवडणेही बऱ्याचदा थेट जमते. इंडिगोच्या साइटवर त्यासाठी `Plan B` नावाचे पान आहे. आणि प्रवासाच्या दिवशी विमान रद्द झाले तर एजन्सीच्या फोनची रांग सोडा, विमानतळावरच्या कंपनीच्या काउंटरला जा. पर्यायी विमानात बसवणे त्यांच्याच हातात असते.

कंपनी हात लावत नाही ती पैशांना. तिकिटाचे पैसे एजन्सीकडून आले, म्हणून परतावाही आधी एजन्सीच्या खात्यात जातो. कंपनीच्या साइटवर ‘परतावा दिला’ असे दिसते आणि तुमच्या बँकेत शून्य असते, त्याचे कारण हेच.

केपेंची वाट
आमच्या घरचे सांगते. पुण्याहून चार तिकिटे दाबोळीची होती, विमान मोपाला गेले आणि वेळही सकाळी साडेसातची झाली. भावाने ॲप उघडून ‘रद्द करा’ दाबले. चौघांचे मिळून चार हजारच्या आसपास परत आले. एजन्सी म्हणते नियमाप्रमाणे कापले. हे बरोबर का?

हिशेबी
ताई, गोची त्या बटणातच आहे. साधे ‘रद्द करा’ म्हणजे प्रवाशाने आपणहून रद्द केले, असाच अर्थ यंत्रणा घेते. समजा तिकीट 5,200 रुपयांचे, त्यात मूळ भाडे आणि इंधन अधिभार 4,200, कर व विमानतळ शुल्क 1,000. कंपनीचे रद्द शुल्क 3,800, एजन्सीचे वेगळे 350. परत आले 1,050, चौघांचे 4,200. बदल कंपनीचा आहे म्हणून पूर्ण परतावा मागितला असता तर 20,800. एका बटणाचा फरक 16,600. एजन्सीचे सुविधा शुल्क यात धरलेले नाही, ते दोन्ही वेळा गेलेच समजा.

क्रम असा ठेवा. बदलाचा निरोप आला की ‘मान्य’ही दाबू नका आणि ‘रद्द’ही नको. जुन्या तिकिटाचा आणि नव्या निरोपाचा स्क्रीनशॉट घ्या. दाबोळीच्या GOI कोडच्या जागी मोपाचा GOX आला असेल तर ते दोन्हींत दिसले पाहिजे; वेळ जवळपास तीच राहिली तर विमानतळ बदललेला लक्षातच येत नाही. मग कंपनीला विचारा की हा पीएनआर पूर्ण परताव्याला पात्र आहे का, आणि उत्तर चॅटवर लेखी घ्या. त्यानंतरच एजन्सीत ‘कंपनीने वेळ बदलली किंवा विमान रद्द केले’ हे कारण निवडून विनंती टाका. ॲपमध्ये ते कारण नसेल तर रद्द न करता तक्रार नोंदवा.

भावाने आधीच रद्द केले असले तरी कंपनीचा बदलाचा निरोप रद्द करण्याच्या आधीचा असेल तर तो जोडून फरक मागा. मिळेलच असे म्हणत नाही.

म्हापशाचो बाब
म्हणजे शेवटी पैशाची जबाबदारी एजन्सीचीच ना?

हिशेबी
नियमाने नाही. एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी, म्हणून एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी डीजीसीएने कंपनीवरच टाकली आहे. म्हणून तक्रार दोघांकडे एकाच दिवशी करायची. दाद लागली नाही तर सरकारचे एअरसेवा पोर्टल, आणि एजन्सीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. आणखी एक, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही न उडाल्यास कर आणि विमानतळ शुल्क परत करावेच लागते. लोक ते सोडून देतात.

रेल्वेवाला मडगाव
कोकण रेल्वेचे तिकीट ॲपवर काढले तर असाच घोळ होतो काय?

फोंडेकरीण
रेल्वेचे वेगळे आहे हो, त्याला दुसरा धागा काढूया.

पणजी बाजार
ऑनलाइन एजन्सी आणि आपल्या गल्लीतला एजंट एका तागडीत घालू नका. गोवा–मुंबई–दुबईसारखा प्रवास ॲप कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या पीएनआरवर जोडून देते. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलेच नाहीत’ असे नोंदवते आणि ते तिकीट बुडते. चांगला एजंट सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढतो, मग जोडणी चुकली तरी पुढे पोचवणे कंपनीच्या अंगावर येते. थेट कंपनीकडे काढले तरी हेच मिळते, फक्त तिच्या भागीदार नसलेल्या विमानांची जोडणी तिथे दिसणार नाही. पैसे भरण्यापूर्वी पीएनआर एक आहे की दोन, एवढे विचारा.

चारांपैकी एकालाच यायला जमत नसेल तेव्हा थेट बुकिंगचा खरा फायदा दिसतो. त्या एकाला पीएनआरमधून वेगळे काढायचे काम कंपनी साइटवर किंवा एका फोनवर करते. काही ॲपमध्ये ती सोय नसते, आणि घाईत सगळे चार रद्द होतात.

केपेंची वाट
आणि ते ‘मोफत रद्द’चे तीनशे-चारशे रुपये वरून घेतात, ते घ्यावे का?

हिशेबी
बेत डळमळीत असेल तर कधीकधी परवडते. पण ती सवलत एजन्सीची असते, कंपनीची नव्हे. किती तास आधीपर्यंत चालते आणि पैसे बँकेत येतात की त्यांच्या वॉलेटमध्ये, हे आधी वाचा. वॉलेटमध्ये येणार असतील तर मी घेणार नाही.

पणजी बाजार
मी घेईन. चवथीच्या आठवड्यात कंपनीचे रद्द शुल्क भरण्यापेक्षा वॉलेट परवडले, दिवाळीला परत तिकीट काढायचेच असते.