आप्पांनी निरोपाच्या दिवशी बोंडं फोडली

धाकटी ताई: वहिनी, काल आप्पांचं निवृत्तीचं भाषण कसं झालं? सुट्टी मिळाली नाही, पण जीव तिकडेच होता.

वहिनी: हार-शाल झाल्यावर आप्पांनी पिशवीतून कपाशीची वीस हिरवी बोंडं काढून टेबलावर मांडली. सकाळी येताना एका वावरातून, मालकाला विचारून, वीस झाडांवरून एकेक तोडलेलं. नव्या कृषी सहायकांना म्हणाले, "यातली किडकी ओळखा." कुणालाच ओळखता येईना. मग चाकूने चिरली, तर तिनांत गुलाबी बोंडअळी! पुढचं मी रेकॉर्ड केलंय, लिहून देते:

"२०१७ साली मी बांधावरूनच कपाशी पाहिली. हिरवीगार होती. अहवालात 'प्रादुर्भाव नाही' लिहून मोकळा झालो. ही अळी अगदी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. आत बसून ती सरकी खाते. दिवाळीनंतर एक म्हातारे शेतकरी अर्धवट उमललेली, पिवळट कापसाची बोंडं घेऊन आले. टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर बोंड फोडल्याशिवाय मी अहवालावर सही केली नाही. तुम्हीही करू नका."

धाकटी ताई: त्या म्हाताऱ्या बाबांचं आप्पांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं 🙏

काका (गाव): भाऊ, आपल्या कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग पडून राहिले. उद्या फवारून घेऊ का?

आप्पा: किती पडले, किती रात्री?

काका (गाव): परवा पाच, काल सहा.

आप्पा: एका सापळ्यात रोज आठ, असे सलग तीन रात्री पडले तर फवारायचं. नुसत्या सापळ्यावर जाऊ नको. एकरात फिरून वीस झाडांची वीस बोंडं फोड, कडेचीच घेऊ नको. दोनांत अळी निघाली तर फवारणी कर. आणि न उमललेली, पाकळ्या गुंडाळलेली डोमकळी दिसली की तोडून अळीसकट नष्ट कर.

काका (गाव): बरं. पाणी आहे तर यंदा वेचणीनंतरही कपाशी न काढता फरदड ठेवतो म्हणत होतो.

आप्पा: ते मात्र करू नको रे. कपाशी मार्चपर्यंत उभी राहिली की अळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामाला ती वावरातच हजर असते. डिसेंबरात पऱ्हाट्या काढ, त्या पाण्यावर दुसरं पीक घे. शेजाऱ्यालाही सांग, त्याची फरदड राहिली तर पतंग तुझ्याकडेच येतील.

काका (गाव): _(दुसऱ्या दिवशी सकाळी)_ वीस फोडली. एकात निघाली. सापळ्यात काल चार.

आप्पा: मग आज पंप काढू नको. आठ दिवसांनी पुन्हा वीस फोड. मी येतो, आता मोकळाच आहे.