शब्दचर्चा: ‘ग्रस्त’, ‘झुंज’, ‘मात’ आणि न संपणारं दुखणं

मुद्राराक्षस
संपादनासाठी आलेल्या एका लेखातलं वाक्य असं आहे: ‘आमवाताने ग्रस्त असलेल्या या शिक्षिकेने पाच वर्षे दुर्धर आजाराशी झुंज दिली आणि अखेर त्यावर मात करून आज त्या सर्वसामान्य आयुष्य जगत आहेत.’ पुढच्याच परिच्छेदात मात्र बाई अजून दर आठवड्याला गोळी घेतात, असं आहे. मग मात कशावर केली? ‘ग्रस्त’ काढून ‘पीडित’ केलं, तरी वाक्य बिचारंच वाटतं. कोणते शब्द वापरावेत?

सावलीतली
‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ यांत निवडण्यासारखं काही नाही. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. ‘पीड्’ म्हणजे दाबणे, पिळणे. एकात माणूस गिळला जातो, दुसऱ्यात पिळला जातो. दोन्हीकडे करणारा आजार आणि माणूस फक्त भोगणारा. ‘रुग्ण’ वापरा. तो तटस्थ आहे.

अनंत पाध्ये
‘रुग्ण’ आज तटस्थ वाटतो खरा, पण त्याचं मूळ ‘रुज्’ म्हणजे मोडणे. व्युत्पत्तीने निकाल लावायचा, तर तोही बाद होईल. शब्द आज कानाला कसा लागतो ते पाहावं. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ या शब्दांमुळे ‘ग्रस्त’ म्हटलं की मदत वाटपाची रांग डोळ्यांपुढे येते. म्हणून तो नको. ‘रुग्ण’ दवाखान्यापुरता ठीक. वर्गात शिकवणारी बाई त्या तासाला रुग्ण नसते.

खरं तर मराठीत सरळ वाक्य आधीपासून आहे: ‘तिला आमवात आहे.’ तिला दमा आहे, त्याला साखर आहे, आईला बीपी आहे, असंच आपण दिवसभर बोलतो. यात आजार कर्ता असला, तरी क्रियापद नुसतं ‘आहे’. तो कुणाला गिळत नाही. लिहायला बसलं की मात्र याच वाक्याची लाज वाटते आणि ‘ग्रस्त’ येतो.

बटाटेवडा७
आमवाताला सुंठ आणि एरंडेल फार चांगलं. बाईंना कळवा.

मुद्राराक्षस
आभारी आहे, पण इथे फक्त वाक्यावर उपाय हवा आहे.

रात्रपाळी
वॉर्डात काम करते, म्हणून मजकुराबद्दल दोन गोष्टी सांगते. पहिली, ‘आमवात’ हा शब्द लेखात शेवटपर्यंत तोच ठेवा. मध्येच ‘संधिवात’ केलंत, तर वाचक गुडघे झिजण्याचं दुखणं समजतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकू शकतो. बाईंची सकाळ कशी जाते हे लिहायचं, तर हा फरक महत्त्वाचा.

दुसरी, गोळी मेथोट्रेक्सेट असेल, तर ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द गाळू नका. ‘नियमित गोळी घेतात’ असं गुळगुळीत लिहिलं की वाचणारा रोज असं समजतो, आणि ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय तिचा गुण दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. ‘औषध सुरू केलं आणि बाई उभ्या राहिल्या’ हे वाक्यही त्यामुळे खोटं ठरतं.

अनंत पाध्ये
हा तपशील भाषेलाही उपयोगी आहे. ‘मात केली’, ‘झुंज दिली’, ‘आजारातून बाहेर पडली’ ही क्रियापदं पाहा. सगळी पूर्ण भूतकाळातली, दार लावून घेणारी. उलट ‘ग्रस्त’, ‘खिळलेली’, ‘जखडलेली’ ही नुसती विशेषणं. त्यांत माणूस काहीच करत नाही. पण हे दुखणं रोज नव्याने येतं, म्हणून त्याला रीतीची क्रियापदं लागतात: लागतं, होतं, घेते, टाळते, जमतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन:

‘बाईंना पाच वर्षांपासून आमवात आहे. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, म्हणून पहिल्या तासाला त्या फळ्यावर लिहीत नाहीत. तोंडी उजळणी घेतात. आठवड्यातून एकदा गोळी असते. तिच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होते, म्हणून गोळी शनिवारी रात्री घेतात, रविवार मोकळा ठेवतात.’

मळमळ आणि शनिवार मी कल्पनेने घातलेत; खरं काय ते लेखकाला विचारा. पण ‘म्हणून’ दोनदा आलाय तो मुद्दाम ठेवलाय. त्या एका शब्दामुळे आजार आणि बाईंचा निर्णय एकमेकांना लागून येतात. कीव करायला जागा उरत नाही आणि विजयाचीही गरज भासत नाही.

सावलीतली
हे पटलं. मग ‘दुखणं अंगावर काढणे’ का नको? अस्सल मराठी आहे आणि त्यात बाईच कर्ता आहे.

रात्रपाळी
अहो, अंगावर काढणे म्हणजे औषधपाणी न करता सोसणे! या बाई औषध घेताहेत.

अनंत पाध्ये
आणि नुसतं ‘दुखणं काढलं’ म्हटलं, तर ते संपलेलं. ‘दिवस काढते’मध्ये पुन्हा केविलवाणेपणा येतो. ‘दुर्धर’ही काढा, तो ऐकला की लोक मरणाचा विचार करतात. आयुर्वेदात यासाठी नेमका शब्द आहे: ‘याप्य’. चरकसंहितेत तो असाध्याच्या पोटातच येतो. समूळ बरा होत नाही, पण पथ्य आणि उपचार चालू आहेत तोवर आवाक्यात राहतो, असा विकार. ‘कालयापन’मधला ‘यापन’ हा त्याचाच भाऊ. अडचण अशी की संस्कृतात ‘याप्य’चा दुसरा अर्थ हलका, निंद्य असाही आहे, आणि आज हा शब्द वैद्यांखेरीज कुणाला कळत नाही. लेखात घालू नका, मनात असू द्या.

कोरडवाहू
मला एक खटकतंय. ‘झुंज’ हा शब्द आजारी माणसं स्वतः वापरतात. उद्या या बाईच म्हणाल्या, ‘मी रोज झुंजते’, तर संपादक तो शब्द खोडणार?

अनंत पाध्ये
त्यांच्या तोंडी असेल तर अवतरणात तसाच ठेवायचा. निवेदकाने तो उचलून शीर्षकात लावायचा नाही.

कोरडवाहू
अवतरणात घातला की तो शब्द ‘त्यांचा’ आणि बाकीचा शहाणपणा ‘आपला’, असं होतं. मला हे पूर्ण पटलेलं नाही.

मुद्राराक्षस
तो मुद्दा मी लेखिकेपुढे ठेवतो. आता शेवटचं. सध्या बाईंची सूज नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, गोळी चालू आहे. डॉक्टर याला ‘रेमिशन’ म्हणतात. ‘बऱ्या झाल्या’ लिहिता येत नाही. मग काय लिहू?

रात्रपाळी
‘बऱ्या झाल्या’ तर नकोच. ते वाचून कुणी आपली गोळी बंद केली, तर दुखणं पुन्हा उचल खायचा धोका मोठा.

सावलीतली
‘उचल’ आहे तर ‘उतार’ही आहे. ‘आजाराला उतार पडला आहे.’

अनंत पाध्ये
जोडी सुरेख आहे. पण उतार पडणे ही उतरण्याची क्रिया झाली. इथे आजार खाली येऊन थांबलाय, आणि गोळीने त्याला तिथे धरून ठेवलंय. ‘सध्या आजार शांत आहे, गोळी चालू आहे’ अशी दोन छोटी वाक्यं मी लिहीन.

रात्रपाळी
‘शांत’ला माझी हरकत नाही. फक्त ‘सध्या’ जागेच्या अडचणीसाठी कापू नका.

कोरडवाहू
‘निवला’ कसा वाटतो? दूध निवतं तसा?

सावलीतली
निवलेलं दूध पुन्हा तापवावं लागतं, आजार आपणहून तापतो. तरी ‘निवला’ मला आवडला. वाक्यात घालून पाहू: ‘गोळी चालू आहे तोवर दुखणं निवलेलं असतं.’