सावळ्या-काळ्या रंगावर सनस्क्रीन: राखुंडी फासल्यासारखं दिसू नये म्हणून तुम्ही काय करता?

निशिगंध
मावसबहिणीच्या हळदीचे फोटो आले. त्यात माझा चेहरा एका बाईचा आणि गळा दुसऱ्याच बाईचा दिसतो. गळा माझा नेहमीचा, चांगला पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा. चेहरा मात्र चुलीतल्या राखेचा. मामी म्हणालीच, "भस्म लावून आलीस की काय गं?"

गालांवर वांग आहे म्हणून डॉक्टरांनी सनस्क्रीन सांगितलं होतं. दुकानदाराने दिलेली ट्यूब झिंक ऑक्साइडची निघाली. लोक बोलू लागले तसं मी ती वाटाण्याएवढीच लावायला लागले. राख कमी झाली, पण वांग जिथल्या तिथे.

ज्यांचा रंग खरोखर गडद आहे त्यांनी अनुभव लिहा. "गव्हाळ आहे, मला काही दिसत नाही" हे वाचून उपयोग नाही, रागावू नका. आणि नुसतं ट्यूबचं नाव नको, मागच्या बाजूला काय लिहिलंय तेही सांगा.

आबा_तळेगावकर
गालावर पांढरे डाग म्हणजे बहुधा शिबं. आमच्या नातवाला होती. क्रीम बंद करा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

निशिगंध
आबा, डाग नाहीत हो. क्रीमच पांढरं दिसतंय. तोंड धुतलं की जातं.

भटकी
सोपं आहे. केमिकल सनस्क्रीन घ्यायचं, तुमच्या झिंकसारखं मिनरल घ्यायचंच नाही. मी सहा वर्षं तेच करते, एकदाही पांढरं दिसलं नाही. घरात मिनरल पडून असेल तर त्यात आपल्या रंगाचं फाउंडेशन दोन थेंब कालवायचं. झाली टिंटेड सनस्क्रीन!

रसायनी
सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकट्या आहेत. दुसरी तर भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असते. त्या डोळ्यांना दिसणारा उजेडही परत फेकतात, आणि कण बारीक असले की त्यातला निळसर भाग जास्त. गोऱ्या कातडीवर हे खपून जातं. आपल्या तपकिरीवर निळसर पांढरा थर बसला की दोन्ही मिळून राखाडी होतं. कण आणखी बारीक केले की पांढरेपणा कमी होतो, पण क्रीम नीट बनलेलं नसेल तर ते पुन्हा एकमेकांना चिकटतात. म्हणून दोन ट्यूबांवर एकच नाव असूनही एक चालते आणि दुसरी फासते.

भटकी, तुमचं निम्मं बरोबर आहे. अ‍ॅव्होबेन्झोन, युव्हिनल ए प्लस, टिनोसॉर्ब एस हे तेलात विरघळतात, म्हणून दिसत नाहीत. टिनोसॉर्ब एम मात्र केमिकल असूनही बारीक कणांच्या रूपात असतं, त्याची फिकट साय राहू शकते. शिवाय समोर 'जेल' लिहिलेल्या कित्येक ट्यूबांत मागे टायटॅनियम सापडतं, कधी नावाने, कधी नुसतं 'सीआय ७७८९१' म्हणून.

फाउंडेशन कालवायचं मात्र सोडा. रंग जुळतो, पण थर फाटतो. तळहातावर कालवलेलं कुठे किती बसलं ते कळतही नाही. आधी सनस्क्रीन पूर्ण लावा, सुकू द्या, मग वरून फाउंडेशन.

आणि निशिगंध, वाटाण्याएवढं लावून भागत नाही. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. त्याच्या पाव लावलं तर ५० हा आकडा फक्त डब्यावर राहतो.

उनाड_पोस्टमन
माझा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर दुचाकीवर असतो, रंग आमचा डांबरी. केमिकलवालं लावलं, पांढरं अजिबात नाही, पण अकरा वाजता घाम कपाळावरून डोळ्यात उतरला की रस्ता दिसत नाही. आता कपाळ आणि डोळ्यांभोवती झिंकची कांडी, बाकी चेहऱ्याला केमिकल. कपाळ भुरकट दिसतं. हेल्मेटमध्ये कोण बघतंय!

परदेशी_पाखरू
२०२२ मध्ये न्यू जर्सीला आले तेव्हा इथल्या दुकानात टिनोसॉर्बवालं काही मिळालं नाही, कारण तेव्हा इथे त्याला मान्यताच नव्हती. म्हणून टिंटेड मिनरल घेतलं. डब्यावर लिहिलेलं की सगळ्यांच्या रंगाला चालेल. सगळ्यांच्या म्हणजे बेजपासून बेजपर्यंत. माझ्यावर आधी नारिंगी, अर्ध्या तासाने गुलाबी राख. आता पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माझ्या दोन ट्यूबा असतात.

रसायनी
नारिंगी का, तर रंग कशाने दिलाय ते बघा. लोहाचे तीन ऑक्साइड असतात: लाल ७७४९१, पिवळा ७७४९२, काळा ७७४९९. गडद छटेत काळा आणि लाल पुरेसे लागतात. मूळ क्रीममध्ये पांढरी भुकटी भरपूर आणि वर थोडा पिवळा-लाल टाकला, तर नारिंगी किंवा गुलाबीच होणार. मात्र यादीत तिन्ही आकडे दिसले म्हणून छटा जुळेल असं नाही, प्रमाण डब्यावर कुणी लिहीत नाही.

वांग असेल तर टिंट हवाच. वांग दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, विशेषतः आपल्यासारख्या कातडीवर. न दिसणारं केमिकल सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड अडवतात.

निशिगंध
म्हणजे जे दिसत नाही ते वांगाला पुरत नाही, आणि जे पुरतं ते राख फासतं. छान.

तीन आठवड्यांनी परत आले. चार ट्यूबा जमवल्या, दोन माझ्या, दोन मैत्रिणींच्या. हाताच्या आतल्या बाजूला लावून बघण्यात अर्थ नाही, तिथे मी दोन छटा उजळ आहे. म्हणून जबड्यापासून गळ्यापर्यंत पट्टा, दाट. एका वेळी एकच, खिडकीशी बसून. लावल्याबरोबर सगळ्याच पांढऱ्या दिसतात, त्यामुळे पंधरा मिनिटं थांबून फोटो, मग फ्लॅश लावून फोटो, मग थोडं पाणी शिंपडून परत एक.

झिंकची जुनी ट्यूब पाण्याने आणखी पांढरी झाली. हळदीला घामाने नेमकं हेच झालं असणार. दुसरी 'जेल'वाली खिडकीत बरी दिसली, फ्लॅशमध्ये जबडा चमकला. मागे वाचलं तर टायटॅनियम. तिसरी, अ‍ॅव्होबेन्झोन आणि युव्हिनलची, तिन्ही फोटोंत दिसलीच नाही. चौथी टिंटेड, तीन छटांत मिळते. सगळ्यात गडद छटा घेतली तरी माझ्यापेक्षा उजळच आहे, पण राखेकडे न जाता मातीकडे जाते.

आता तिसरी पूर्ण दोन बोटं, एक-एक बोट करून दोनदा लावते. दहा मिनिटांनी चौथी फक्त गालांच्या वांगावर, चोळायची नाही, थापटायची. चोळली की खालचीचे खोडरबरासारखे कण निघतात. वर माझ्या रंगाची पावडर. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या चालेल, फक्त दुपारी परत लावा. दुपारी ऑफिसात हा सगळा सोहळा कसा करायचा ते अजून जमलेलं नाही.

भटकी
फाउंडेशनचं मागे घेते. पण टिंटेडने कुर्त्याच्या गळ्याची काय वाट लागते ते कुणी लिहीत नाही!

उनाड_पोस्टमन
टिंटचं राहू द्या, माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर केमिकलवाल्यानेच गंजल्यासारखी झाली. आमच्याकडे बोअरचं पाणी.

रसायनी
बोअरच्या पाण्यातलं लोह आणि अ‍ॅव्होबेन्झोन यांचं जमतं, त्याचा तो डाग. ब्लीच घालू नका, आणखी पक्का होतो. लिंबू चोळून बघा, आणि पुढची ट्यूब अ‍ॅव्होबेन्झोन नसलेली घ्या.