मदत हवी आहे: स्तनपानाचा जादा ऊर्जाखर्च उणे कसा येतोय?

रेवा_२२: दोन दिवस वहीत तेच गणित करतेय. दूध 480 ग्रॅम, ग्रॅमला 0.67 कॅलरी धरून 322. वजन 2.5 किलो उतरलं, 21 दिवसांत, म्हणजे रोज 119 ग्रॅम, ग्रॅमला 7.7 कॅलरी धरून 917. शरीरातून निघालेल्या या 917 दुधाच्या 322 मधून वजा केल्या तर उणे 595! गरोदरपणाचं मात्र बरोबर आलं. शेवटच्या महिन्यात 2 किलो वाढले, त्याचे रोज 513. चूक कुठेय, लवकर सांगा.

मीनल: बाळ किती दिवसांचं? दूध कसं मोजलं? पंपाने?

रेवा_२२: 21 दिवसांचं, लिहिलंय की. पंप नाही. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन, लंगोट न बदलता. दिवसाच्या सहा वेळा.

अनिकेत: एवढं कशाला? रोज 500 जास्त धरा. बायकोला तेवढंच सांगितलं होतं.

सुनंदाकाकू: दूध वाढेल गं, वारंवार पाजत राहा.

रेवा_२२: काकू, दूध पुरतंय. हिशोब अडलाय.

डॉ. वैदेही: पहिल्या तीन आठवड्यांत उतरणारं वजन बहुतेक पाण्याचं असतं, शिवाय गर्भाशयही आक्रसतं. त्याला चरबीचा भाव लावलास म्हणून उणे आलं. वजनाची वजाबाकी आता करूच नकोस, दीड-दोन महिन्यांनी वजन संथ उतरायला लागलं की कर. तेव्हाही किलोला 7700 नाही, 6500 धर. आणि रात्रीचं पाजणं कुठे गेलं?

रेवा_२२: रात्री झोपेत काटा कोण काढणार! बरं, काल काढला. 24 तासांत 660.

डॉ. वैदेही: पाजताना बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून पाणी उडतं, म्हणून हे थोडं कमीच दिसतं. सुमारे 5 टक्के वाढव, 690-700 होईल. 700 × 0.67 = 469. भागिले 0.8, म्हणजे 586.

अनिकेत: 0.8 कशाला? दुधात 469 आहेत ना, मग तेवढाच खर्च.

डॉ. वैदेही: दूध तयार करायलाही ऊर्जा जाते. काही जण 0.8 पेक्षा जास्त धरतात, मग आकडा उतरतो. त्यावर वाद आहे. तुमचे 500 म्हणजे सरासरी बाईची सरासरी चरबी वजा केलेला आकडा आहे. हिची चरबी किती उतरतेय हे अजून कळलेलंच नाही.

रेवा_२२: आणि ते 513?

डॉ. वैदेही: योगायोग. शेवटच्या तिमाहीत वाढलेल्या वजनात पाणी बरंच असतं. एकूण 12 किलो वाढणाऱ्या बाईत रोज साठतात साधारण 185 कॅलरी. बाकीच्या 300च्या आसपास शरीर चालवण्यातच खर्च होतात, काट्यावर त्या दिसत नाहीत. बेरीज सुमारे 475. तुझं एकूण किती वाढलं होतं?

रेवा_२२: 9.

डॉ. वैदेही: मग 475 च्या त्याच प्रमाणात, 350च्या आसपास धर. अंदाजच आहे हा, कारण शरीर चालवण्याचा खर्च बाईगणिक फार वेगळा वाढतो.

मीनल: घरचा काटा किती ग्रॅमपर्यंत दाखवतो?

रेवा_२२: 10. का?

मीनल: मग एका वेळेच्या 70-80 ग्रॅममध्येच 10 इकडेतिकडे होतात. अजून दोन दिवस मोजून सरासरी काढ.