मदत हवी आहे: पटकथेतील कृतिवर्णन किती तोडावे?

माझ्या लघुपटाची 12 पानी पटकथा निवड समितीकडे पाठवायची आहे. ‘अंतर्गत. एसटी स्थानक, चौकशी खिडकी – रात्र’ अशी दृश्यशीर्षके आणि पात्राच्या नावाखालचे संवाद जमले आहेत. अडचण कृतिवर्णनाची आहे. वाहक चिल्लर मोजतो, एक नाणे खिडकीच्या फटीत अडकते आणि म्हातारी ते नखाने काढू पाहते, हे सारे मी सलग सात ओळींत लिहिले होते. नजर जिथे नाण्यावरून म्हातारीच्या नखाकडे वळते, तिथे नवा परिच्छेद केल्यास वाचन सोपे होते, परंतु पाने वाढतात. शिवाय एका पानाला साधारण एक मिनिट हा ठोकताळा 12 पॉइंटच्या कुरिअर टंकावर बेतलेला आहे. देवनागरी पटकथेत तो कितपत धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.